एकाच साखळीत काम, आणि त्यात जवळचं नातं: कंपनीला काय सांगायचं, किती सांगायचं?

१ सप्टेंबर २०२५ ला नेस्ले या जगभर पसरलेल्या कंपनीने आपले मुख्य कार्यकारी अधिकारी लॉरां फ्रेक्स यांना तडकाफडकी पदावरून काढलं. त्या पदावर येऊन त्यांना जेमतेम वर्ष झालं होतं. बातमी मराठी चॅनेलांवरही झळकली आणि आपल्याकडे बहुतेकांनी एकच प्रश्न विचारला: ‘प्रेम केलं म्हणून नोकरी गेली?’

कंपनीने दिलेलं कारण नीट वाचलं तर त्यात दोन गोष्टी दिसतात. संबंध थेट हाताखालच्या कर्मचाऱ्याशी होता, आणि तो जाहीर केलेला नव्हता. या दोन गोष्टींतली एक जरी नसती, तरी प्रकरण वेगळं झालं असतं. भारतीयांना परिचित असलेलं असंच एक प्रकरण २०१३ चं आहे. आयगेट कंपनीने फणीश मूर्ती यांना मुख्य कार्यकारी पदावरून दूर केलं, तेव्हाही कंपनीने हाताखालच्या कर्मचाऱ्याशी असलेला संबंध न कळवल्याचं कारण दिलं होतं.

ही मोठ्या शहरांची, मोठ्या पगारांची भानगड आहे असं वाटणं साहजिक आहे. पण कुपवाड, मिरज, पलूसच्या एमआयडीसीतले कारखाने, मिरजेतली मोठी हॉस्पिटलं, बँका आणि पतसंस्था इथेही आता नेमणूकपत्रासोबत येणाऱ्या कागदांत ‘निकटच्या वैयक्तिक संबंधांची माहिती देण्याचं धोरण’ असं एखादं पान दिसू लागलं आहे. बाहेरच्या देशातल्या ग्राहकाला माल पुरवणाऱ्या कारखान्याकडे तर तो ग्राहकच असं धोरण मागतो. लोक पान वाचतात, बावरतात, सही करतात आणि विसरतात. मी मनुष्यबळ विभागात काम करतो. या पानावर काय असायला हवं आणि प्रत्यक्षात त्याचं काय होतं, हे इथे सांगतो.

## साखळी म्हणजे नेमकं कोण?

आधी एक शब्द समजून घेऊ. ‘रिपोर्टिंग लाइन’ म्हणजे तुमचं काम ज्यांच्या हातून ठरतं, तपासलं जातं आणि मंजूर होतं, त्या माणसांची वर जाणारी रांग. फाउंड्रीत ऑपरेटरच्या वर सुपरवायझर, त्याच्या वर शिफ्ट इंजिनीअर, मग प्रॉडक्शन मॅनेजर आणि शेवटी प्लँट हेड. मी पुढे तिला नुसतं ‘साखळी’ म्हणेन.

आपला थेट साहेब तेवढा साखळीत, असं बरेच जण धरतात. तसं नाही. ऑपरेटर आणि प्रॉडक्शन मॅनेजर यांच्यामध्ये दोन माणसं असली, तरी त्या ऑपरेटरची पगारवाढ मॅनेजरच्या सहीनेच पुढे जाते. मधल्या दोघांना मॅनेजरचं मन ठाऊक असतं आणि ते त्याप्रमाणे वागतात. म्हणून धोरण साखळीतल्या सगळ्या पायऱ्यांना लागू होतं. शिवाय साखळीबाहेर बसलेला, पण तुमच्याबद्दल निर्णय घेऊ शकणारा माणूसही त्यात येतो. ओव्हरटाइमचे आकडे पास करणारा टाइम ऑफिसचा प्रमुख, कंत्राटी कामगारांना कायम करायची यादी बनवणारा अधिकारी, शिस्तभंगाची चौकशी चालवणारा, हे सगळे इथे धरायचे.

यामागचं कारण समजायला कुंडलचं कुस्तीचं मैदान डोळ्यांपुढे आणा. आखाड्यात दोन मल्ल उतरले आहेत आणि पंच म्हणून उभा असलेला वस्ताद त्यातल्या एकाला स्वतः घडवणारा आहे. तो वस्ताद कदाचित अगदी सचोटीचा असेल. पण त्याने आपल्या पठ्ठ्याला विजयी दिलं, की हरलेल्या गावाचा विश्वास बसणार नाही. आणि टीका नको म्हणून तो आपल्याच पठ्ठ्याला कडक गेला, तर त्या पोरावर अन्याय. अशा वेळी वस्ताद आधीच सांगतो, ‘या कुस्तीला दुसरा पंच घ्या.’ कुणी त्याला तालीम सोडायला सांगत नाही, आणि पोरालाही मैदानाबाहेर काढत नाही. त्या एका कुस्तीपुरता पंच बदलतो.

नातं जाहीर करण्याच्या धोरणाचा गाभा एवढाच आहे. नात्याला परवानगी देणं किंवा नाकारणं हे कंपनीचं काम नाही. त्या नात्यामुळे कोणते निर्णय कुणाच्या हातून काढून कुणाकडे द्यायचे, हे कंपनीला ठरवता यावं म्हणून माहिती हवी असते.

## कोणती नाती सांगायची?

प्रेमसंबंध, ठरलेलं लग्न, पती-पत्नी, एकत्र राहणं ही नाती यात येतात. त्यांच्यासोबत रक्ताची आणि सासरची जवळची नातीही येतात, आणि आपल्या भागात तीच जास्त असतात. मेहुणा, भाचा, चुलत भाऊ, साडू, सून हे एकाच कारखान्यात असणं इथे नवीन नाही, कारण नोकरी लागतेच मुळी ओळखीतून. चांगलं धोरण मोठी आर्थिक गुंतवणूकही यात धरतं. सुपरवायझर आणि त्याच्या हाताखालचा माणूस मिळून बाहेर टेम्पो चालवत असतील, तर त्याची नोंद हवी.

एकाच गावचे, एकाच कॉलेजचे, एकाच मोटरसायकलवरून ये-जा करणारे, ही नाती नाहीत. दोन वेळा चहाला एकत्र गेलं म्हणून कागद भरायचा नसतो. मग प्रेमाचं नातं ‘झालं’ हे कोणत्या दिवशी धरायचं? धोरणांत याची व्याख्या लांबलचक असते, पण मला व्यवहारात एक कसोटी पुरते. उद्या त्या व्यक्तीची रजा नाकारायची, मेमो द्यायचा किंवा कमी गुण द्यायचे झाले, तर तुमचा हात अडखळेल का? अडखळणार असेल तर सांगायची वेळ आली आहे.

संपलेली नातीही यात येतात, आणि हेच अनेकांच्या ध्यानात येत नाही. बीपी या तेल कंपनीचे प्रमुख बर्नार्ड लूनी यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये राजीनामा दिला, तो सहकाऱ्यांशी असलेल्या जुन्या संबंधांवरून. त्याच्या आदल्या वर्षी संचालक मंडळाने विचारणा केली, तेव्हा त्यांनी थोडीच माहिती दिली होती. आपण पूर्ण पारदर्शक नव्हतो, हे त्यांना नंतर मान्य करावं लागलं. नातं संपल्यावर जिव्हाळा उरतो किंवा कटुता उरते, आणि दोन्ही निर्णयात उतरतात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नातं स्त्री-पुरुषांचं आहे, दोन पुरुषांचं आहे की दोन स्त्रियांचं, दोघे विवाहित आहेत की नाहीत, जात कोणती, घरच्यांना पसंत आहे का, यातलं काहीही या कागदावर विचारायचं नसतं. विवाहबाह्य संबंध हा २०१८ पासून आपल्या देशात फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. कारखान्याने कुणाच्या चारित्र्याचा न्यायनिवाडा करत बसू नये.

## एक प्रकरण, सुरुवातीपासून

आता एक काल्पनिक प्रकरण घेऊ. कुपवाडमध्ये व्हॉल्व्हचं कास्टिंग करणारी दीडेकशे माणसांची फाउंड्री आहे असं समजा. क्वालिटी विभागाच्या प्रमुखाला संदीप म्हणू, आणि त्याच्या थेट हाताखालच्या इन्स्पेक्शन इंजिनीअरला मेघना. दिवाळीनंतर दोघांचं जमतं. पगारवाढ एप्रिलमध्ये होते, तिची शिफारस मार्चमध्ये संदीपच लिहितो.

पहिला प्रश्न, सांगायचं कुणी? माझ्या मते संदीपने. ज्याच्या हातात अधिकार, त्याच्यावर सांगण्याची जबाबदारी. मेघनाने सांगितलं तर उत्तमच, पण तिने सांगितलं नाही म्हणून दोघांना एकाच तराजूत तोलू नये. साहेबाच्या मर्जीवर जिची पगारवाढ आहे, तिला ‘तू का नाही सांगितलंस’ असं विचारणं सोपं असतं आणि अन्यायाचंही. मात्र संदीपने तिच्याशी बोलल्याशिवाय कागद देऊ नये. काय लिहिणार, कुणाला देणार, हे दोघांनी आधी बोलून घ्यावं.

कधी सांगायचं? प्रत्येक कंपनीची मुदत वेगळी असते. मुदत काहीही असो, मेघनाबद्दलचा पुढचा निर्णय घेण्याआधी कागद पोहोचला पाहिजे. मार्चमध्ये शिफारस लिहून एप्रिलमध्ये नातं सांगितलं, तर ती शिफारस नासली. मेघना खरोखर उत्तम काम करत असली तरी नासली.

कुणाला सांगायचं? एचआर प्रमुखाला, किंवा धोरणात नाव दिलं असेल त्या अधिकाऱ्याला. एचआर प्रमुखच दोघांपैकी एकाचा नातेवाईक असेल, तर संचालकांना. कँटीनमध्ये प्लँट हेडच्या कानावर घातलं, हे सांगणं धरत नाहीत. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला तारीख नसते, आणि या सगळ्या प्रकारात तारखेला फार किंमत आहे.

आणि लिहायचं काय? इतकंच पुरेसं आहे:

‘मी क्वालिटी विभागाचा प्रमुख असून इन्स्पेक्शन इंजिनीअर श्रीमती मेघना माझ्या अखत्यारीत काम करतात. आमच्यात निकटचा वैयक्तिक संबंध आहे. त्यामुळे त्यांची हजेरी, रजा, ओव्हरटाइम, मूल्यमापन, पगारवाढ आणि शिस्तीविषयीचे निर्णय आजपासून माझ्याकडे ठेवू नयेत, ही विनंती. हे पत्र देण्यापूर्वी मी त्यांच्याशी बोललो आहे.’

खाली सही आणि तारीख. नातं कसं जुळलं, किती पुढे गेलं, लग्न कधी, यातला एक शब्दही नको. कुणी तसा रकाना असलेला फॉर्म पुढे ठेवलाच, तर ‘निकटचा वैयक्तिक संबंध’ एवढंच लिहा आणि बाकीचा रकाना कोरा सोडा.

## कागद दिल्यावर कंपनीने काय करायचं

एचआरने दोघांशी वेगवेगळं बोलावं, एकत्र कधीही नाही. मेघनाशी बोलताना दार बंद असावं, शक्य असेल तर एचआरमधल्या महिला सहकाऱ्याने बोलावं. तिला तीनच गोष्टी विचारायच्या. हे नातं तुमच्या इच्छेने आहे ना? नाही म्हणायचं असतं तर म्हणता आलं असतं, असं तुम्हाला वाटतं का? कामात काही अडचण येतेय का? आणि पुढे केव्हाही परिस्थिती बदलली तर लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीकडे जाण्याचा तिचा हक्क शाबूत आहे, हे तिला सांगायचं. ती थोडक्यात उत्तरं देईल. तेवढ्यावर थांबायचं.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि सर्वात महत्त्वाचंही तेच आहे. संदीपच्या हातून मेघनाबद्दलचे कोणकोणते निर्णय जातात, त्याची यादी करायची. रजा आणि ओव्हरटाइम लगेच आठवतात. पण यादी तिथे संपत नाही. कुठली शिफ्ट, पुण्याच्या ग्राहकाकडे ऑडिटला कोण जाणार, त्या दौऱ्याचा भत्ता कोण पास करणार, बाहेरच्या ट्रेनिंगला नाव कुणाचं पाठवायचं, हेही निर्णयच आहेत. सहा महिन्यांनी ज्या गोष्टीवरून विभागात कुजबुज सुरू होते, ती पगारवाढ नसते. ती बहुधा शिफ्ट किंवा दौरा असतो.

क्वालिटी विभागात तर आणखी एक खाच आहे. मेघनाने एखादा लॉट रिजेक्ट केला आणि प्रॉडक्शनने दोष चालवून घेऊन तो सोडा म्हटलं, तर अंतिम सही संदीपची असते. आता त्या सहीकडे दोन्ही बाजूंनी संशयाने पाहिलं जाईल. त्याने तिचा निर्णय उचलून धरला तर ‘तिचं ऐकलं’, फिरवला तर ‘दाखवण्यापुरतं कडक झाला’. म्हणून तिने तपासलेल्या लॉटच्या वादातली सहीसुद्धा दुसऱ्याकडे जायला हवी. माणसांचे निर्णय वेगळे केले आणि मालाचे राहून गेले, असं बऱ्याच ठिकाणी होतं.

मग हे निर्णय द्यायचे कुणाकडे? नेहमीची चूक इथे होते. संदीपचा डेप्युटी असतो, काम जाणतो, जागेवरच असतो, म्हणून मेघनाची फाइल त्याच्याकडे दिली जाते. पण डेप्युटीची स्वतःची पगारवाढ संदीप लिहितो. म्हणजे निर्णय फक्त टेबल बदलून आला, साखळी तीच राहिली. निर्णय घेणारा माणूस संदीपच्या वरचा तरी असावा, नाहीतर त्याच्या विभागाबाहेरचा. आपल्या उदाहरणात प्लँट हेड किंवा दुसऱ्या विभागाचा प्रमुख चालेल. त्याला मेघनाच्या कामाची माहिती हवी म्हणून रिजेक्शनचे आकडे, ऑडिटचे शेरे आणि ग्राहकाच्या तक्रारी थेट त्याच्याकडे जाव्यात. संदीपने तोंडी ‘चांगलं काम करते’ म्हणणंही बंद.

हे ठरलं की त्याच दिवशी हजेरी-पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये मेघनाच्या नावापुढचा मंजुरी देणारा बदलायचा. कागदावर बदललं आणि संगणकात राहून गेलं, तर तिची रजा महिनाभर संदीपच्याच मोबाइलवर मंजुरीसाठी येत राहते आणि तो सवयीने ती मंजूर करत राहतो. हे तपासणं सोपं आहे. पुढच्या महिन्याच्या हजेरी अहवालात मंजुरी कुणाच्या नावाने पडली, ते पाहायचं.

मार्चमध्ये सगळ्या विभागांचे गुण एकत्र बसून ठरवले जातात, त्या बैठकीत मेघनाचं नाव आलं की संदीपने खोलीबाहेर जावं आणि इतिवृत्तात तशी नोंद व्हावी. गप्प बसून आत थांबणं पुरेसं नाही. विभागप्रमुख समोर बसलेला असताना त्याच्या जवळच्या माणसाला कमी गुण द्यायला कुणाची जीभ वळत नाही.

शेवटी मागे वळून पाहायचं. दिवाळी ते पत्राची तारीख या काळात संदीपने मेघनाबद्दल कोणते निर्णय घेतले, ते दुसऱ्या कुणीतरी तपासावेत. तिचा ओव्हरटाइम विभागातल्या बाकीच्यांच्या आसपास आहे का, दौरे पाळीने वाटले गेले का, एवढं पाहिलं तरी चित्र दिसतं. ठीक असेल तर तसा शेरा मारून विषय मिटवायचा. हा शेरा मेघनाच्या फायद्याचा आहे. उद्या कुणी म्हणालं की तिला साहेबामुळे मिळालं, तर उत्तर कागदावर असतं.

## ‘पण हे आमचं खासगी आहे’

बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं आहे. खासगी कंपनीतल्या साध्या कर्मचाऱ्याने आपलं नातं जाहीर केलंच पाहिजे, असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. हे बंधन येतं ते नेमणूकपत्र आणि कंपनीच्या नियमांतून.

म्हणूनच बंधनाची मर्यादाही काटेकोर हवी. साखळीबाहेरच्या दोन माणसांचं नातं, म्हणजे स्टोअरमधला तो आणि डिझाइनमधली ती, एकमेकांबद्दल कसलाही निर्णय नाही, तर त्यांना विचारायचा कंपनीला काही अधिकार नाही असं माझं ठाम मत आहे. काही धोरणं ‘कंपनीतील कोणत्याही दोन कर्मचाऱ्यांमधील संबंध’ असं सरसकट लिहितात. ते आळशी लेखन आहे. त्यातून कंपनीला उपयोग शून्य आणि माणसांना जाच भरपूर.

## ‘इथे सगळ्यांना माहीतच आहे, मग सांगायचं कशाला?’

आपल्याकडे हा आक्षेप सगळ्यात जास्त येतो. मेहुणा-मेहुणा एकाच खात्यात आहेत हे पूर्ण कुपवाडला माहीत असतं. साखरपुड्याला अर्धा कारखाना जेवून आलेला असतो. आता वेगळं काय सांगायचं?

पण माहीत असणं आणि व्यवस्था करणं यात मोठं अंतर आहे. सगळ्यांना माहीत असूनही मेहुण्याचा ओव्हरटाइम मेहुणाच पास करत राहतो, कारण ‘बदला’ म्हणायची जबाबदारी कुणा एकावर नसते. उलट सगळ्यांना माहीत असतं म्हणूनच नुकसान जास्त होतं. खात्यातला तिसरा माणूस आपली पगारवाढ कमी आली की लगेच हिशोब जुळवतो, आणि त्याचा हिशोब चुकीचा असला तरी तो खोडायला कुणाकडे काही नसतं. लेखी पत्रामुळे कंपनीच्या अंगावर काम येतं. त्या तारखेनंतर मंजुरी बदलली नाही, तर चूक कंपनीची.

## ‘सांगितलं की बदली बाईचीच होते’

हा आक्षेप खरा आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं. वरच्या जागी बहुधा पुरुष असतो, खालच्या जागी बाई. कारखान्याला विभागप्रमुख बदलणं महाग पडतं, इन्स्पेक्शन इंजिनीअर बदलणं स्वस्त. म्हणून तिला स्टोअरमध्ये बसवतात, नाहीतर पुण्याच्या ऑफिसला पाठवतात. मिरजेत घर, आई-वडील आजारी, अशा मुलीला पुण्याची बदली म्हणजे राजीनामा द्या म्हणण्यासारखंच.

धोरणात यावर स्पष्ट क्रम लिहिलेला हवा. आधी निर्णय हलवायचे, माणसं जागेवर ठेवायची. दहापैकी बऱ्याच प्रकरणांत एवढ्यावर भागतं. निर्णय हलवून भागत नसेल, तरच माणूस हलवायचा, आणि तेव्हा आधी वरच्या माणसाचा विचार करायचा. खालच्या व्यक्तीला हलवायचं असेल तर तिच्या लेखी संमतीने.

ती बदली शिक्षा आहे की नाही, हे ओळखायला पगार सारखा राहिला एवढं पाहून चालत नाही. नव्या जागी पुढे बढती आहे का, तिचं शिक्षण आणि अनुभव वापरला जातो का, शिफ्ट बदलली का, कंपनीची बस तिच्या घराकडून जाते का, ओव्हरटाइम मिळायचा तो बंद झाला का? मेटलर्जी शिकलेली मुलगी पावत्या मोजायला बसवली, तर पगारपत्रक सारखंच दिसेल, पण तिची पाच वर्षं वाया गेलेली असतील. तुमच्याबाबत असं घडत असेल, तर बदलीच्या आदेशावर सही करताना ‘मान्य नाही, आदेश मिळाला एवढ्यापुरती सही’ असं लिहून तारीख टाका आणि प्रत ठेवा.

## ‘बातमी घरापर्यंत गेली तर?’

सांगली-मिरजेत हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा फार जड आहे. एचआरमधला क्लार्क तासगावचा, मुलीचा मामा तासगावचा. नातं आंतरजातीय असेल किंवा घरी अजून सांगितलेलं नसेल, तर फुटलेल्या एका कागदाने तिचं घराबाहेर पडणं बंद होऊ शकतं. जिवावरही बेतू शकतं. गुप्ततेची हमी देता येत नसेल, तर कंपनीने माहिती मागूच नये.

गुप्तता म्हणजे नुसतं ‘गोपनीय’ असा शिक्का नव्हे. पत्र वैयक्तिक फाइलमध्ये लावायचं नाही, कारण ती फाइल पीएफपासून बँकेच्या कर्जापर्यंत दहा कामांसाठी दहा हातांत जाते. ते वेगळ्या बंद पाकिटात, एचआर प्रमुखाच्या कुलपात. कुणाकुणाला माहीत आहे, त्यांची नावं पत्राच्या पाठीमागे लिहायची आणि ती तीन-चाराच्या वर जाऊ द्यायची नाहीत. टाइम ऑफिसला फक्त एवढा आदेश जातो: ‘अमुक कर्मचाऱ्याच्या रजेची मंजुरी आजपासून प्लँट हेडकडे.’ कारण लिहायचं नाही. व्हॉट्सॲपवर काही पाठवायचं नाही, घरच्या पत्त्यावर पत्र टाकायचं नाही, आणि घरच्यांना फोन तर कधीच करायचा नाही. ‘मुलीच्या भल्यासाठी वडिलांच्या कानावर घातलं’ असं म्हणणारा अधिकारी असेल, तर शिस्तभंगाची कारवाई त्याच्यावर व्हावी.

पत्र देण्यापूर्वी एचआरला हे सगळं विचारायचा तुम्हाला हक्क आहे: कागद कुठे ठेवणार, कोण पाहणार, नातं संपल्यावर किंवा नोकरी सोडल्यावर त्याचं काय करणार? उत्तर लेखी मागा.

## एकतर्फी असेल तर हा कागद भरायचा नाही

साहेब मागे लागला आहे, मेसेज करतो आहे, नाही म्हटल्यावर शिफ्ट बदलली आहे, तर ते नातं नाही. ती लैंगिक छळाची तक्रार आहे आणि तिचा रस्ता वेगळा. २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान जागेसाठी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, आणि योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. कामात फायदा करून देण्याचं सूचक आश्वासन किंवा नुकसानीची धमकी या कायद्यात स्पष्टपणे येते.

इथे एक सापळा आहे. काही ठिकाणी तक्रार आली की साहेब घाईने नातं जाहीर केल्याचं पत्र देतो, किंवा आधीच तिच्याकडून ‘संबंध परस्पर संमतीने’ असा कागद सही करून घेतलेला असतो. त्या कागदाने चौकशी थांबत नाही. जानेवारीत दिलेली संमती जूनमधल्या वागणुकीला लागू होत नाही, आणि पगारवाढ लिहिणाऱ्यासमोर केलेल्या सहीला किती वजन द्यायचं, हे समितीने तपासायचं असतं. म्हणून दोघांनी मिळून एकच कागद सही करायची पद्धत मला मुळातच पटत नाही. वरच्याने आपलं पत्र द्यावं, खालच्या व्यक्तीने आपलं म्हणणं स्वतंत्रपणे सांगावं.

## लपवलं तर शिक्षा कशाची?

नात्याची नाही. लपवण्याची, आणि लपवून घेतलेल्या निर्णयांची. संदीपने पत्र दिलं नाही, पण त्या काळात मेघनाबद्दल काहीच निर्णय घेतला नाही, तर लेखी समज देऊन व्यवस्था लावता येते. त्याने तिची शिफारस लिहिली, दौऱ्याचे भत्ते पास केले, तर प्रकरण गंभीर. आणि थेट विचारल्यावर ‘असं काही नाही’ म्हणाला, तर त्याच्या बाकीच्या सह्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. क्वालिटी प्रमुखाच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही, कारण त्याच्या सहीवर ग्राहक माल उतरवून घेतो. मेघनाची जबाबदारी तपासताना तिने खोटं सांगितलं का आणि नियम तिला समजावून सांगितला होता का, एवढंच पाहावं.

## नातं संपलं तर

हेही कळवायचं असतं, आणि तेही एका ओळीत. कारण सांगायचं नाही. इथे एचआर एक चूक करतं: नातं संपलं, म्हणजे अडचण संपली, असं धरून मेघनाची मंजुरी पुन्हा संदीपकडे देतं. तोच काळ सगळ्यात नाजूक असतो. दुखावलेला साहेब सूड घेईल किंवा अपराधी वाटून जास्त देईल, आणि दोन्हीचा त्रास मेघनालाच. निदान पुढची एक पूर्ण मूल्यमापन फेरी होईपर्यंत व्यवस्था आहे तशीच ठेवावी, आणि त्यानंतरही बदलायची असेल तर आधी मेघनाला विचारून. तिने नको म्हटलं, तर तिची फाइल प्लँट हेडकडेच राहील.